आवाज बसला तेव्हा लिहिलेला निरोप

मंगळवार, १४ जानेवारी २०२५. संक्रांतीच्या सकाळी उठून मी आईला चहा ठेवू का म्हणून विचारायला गेले आणि तोंडातून नुसती हवा आली. आदल्या दिवशी भोगीला आवाज जड झाला होता, संध्याकाळी तो चिरकू लागला होता, पण रात्रभर विश्रांती मिळाली की मोकळा होईल असे मी धरून चालले होते. तो मोकळा तर झाला नाहीच, उलट पूर्ण बसला. आणि दोनच दिवसांनी, गुरुवारी सकाळी ११ वाजता, मला सांगलीत एका मसाल्याच्या घरगुती उद्योगासमोर त्यांच्या नव्या पाऊचच्या डिझाइनचे प्रेझेंटेशन करायचे होते.

त्या दिवशी पाठवलेला निरोप अजून माझ्याकडे आहे. तो तयार होईपर्यंत माझी सगळी सकाळ गेली, आणि त्यातला बराचसा वेळ माफीचे शब्द शोधण्यात न जाता नवी तारीख ठरवण्यात गेला. म्हणून त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

पहिला मसुदा मी सकाळी साडेसहाला अंथरुणातच लिहिला. त्यात भोगीच्या दिवशीची थंडी होती, रविवारी वर्कशॉपमध्ये सलग चार तास बोलल्याचा उल्लेख होता, ‘काही अपरिहार्य कारणास्तव’ हे शब्द होते, शेवटी ‘होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व’ होते, आणि नव्या तारखेच्या जागी ‘आवाज सुधारताच लवकरात लवकर भेटू, आपल्या सोयीची वेळ कळवावी’ असे वाक्य होते. वाचायला तो सभ्य होता. पण मी तो अण्णांच्या जागी बसून वाचला. अण्णा म्हणजे या उद्योगाचे मालक, वय सत्तरीच्या पुढे, आणि रोजचे निर्णय अजूनही स्वतः घेणारे. त्या मसुद्यातून त्यांना नेमके एवढेच कळले असते की गुरुवारी मी येत नाही. कधी येते ते त्यांनीच शोधायचे, माझा घसा किती दिवसांत बरा होईल याचा अंदाज त्यांनीच करायचा, आणि मार्चमध्ये पाऊच हातात येणार की नाही ही काळजीही त्यांनीच वाहायची. अडचण माझी होती आणि तिच्यातून निघालेली सगळी कामे मी त्यांच्याकडे सरकवत होते. तो मसुदा मी पाठवला नाही.

पाठवला नाही याला जुने कारणही होते. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ग्राहकाच्या बाबतीत माझा आवाज असाच बसला होता. तेव्हा मी ‘दोन-तीन दिवसांत बरी होईन’ असे लिहून लगेच त्याच आठवड्यातली तारीख दिली, आणि ती तारीख आली तेव्हा मला सलग दोन वाक्येसुद्धा बोलता येत नव्हती. पुन्हा क्षमा मागावी लागली. पहिल्या वेळी त्यांनी अतिशय आपुलकीने उत्तर दिले होते. दुसऱ्या वेळी उत्तर आले ते फक्त ‘ठीक आहे’ असे, आणि त्यानंतर ते काम हळूहळू थंडावले. पहिल्यांदा पुढे ढकलले की लोक आजार समजून घेतात. दुसऱ्यांदा ढकलले की त्यांना तुमच्या शब्दाचीच शंका येऊ लागते, आणि ती येणे रास्तच असते. तेव्हापासून मी ठरवले आहे की घशाला पाळता येईल अशी खात्री असल्याशिवाय तारीख द्यायची नाही.

म्हणून आधी डॉक्टर आणि मग निरोप, असा क्रम मी ठरवला. नऊ वाजता घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बारीक दुर्बीण घालून पाहिले आणि मला पडद्यावर दाखवले. एरवी मोत्यासारख्या पांढऱ्या दिसणाऱ्या दोन स्वरतंतूंच्या पट्ट्या लालसर आणि फुगीर झाल्या होत्या. बाईमाणूस बोलते तेव्हा या पट्ट्या एका सेकंदात साधारण २०० वेळा एकमेकींवर येऊन थरथरतात. सूज आली की त्या जड होतात, नीट मिटत नाहीत, मधल्या फटीतून हवा निसटते आणि आवाजाऐवजी ती हवाच ऐकू येते. बहुतेक वेळा हे विषाणूमुळे होते आणि मीही त्यांपैकीच होते. त्यावर प्रतिजैविकाचा उपयोग नसतो, त्यामुळे त्यांनी ते दिले नाही. पाणी भरपूर प्यायचे, वाफ घ्यायची, घसा खाकरायचा नाही, आणि मुख्य म्हणजे गप्प बसायचे. कुजबुजायचेही नाही, हे त्यांनी दोनदा सांगितले, कारण कुजबुजताना पुष्कळ जण घसा आवळून धरतात आणि सुजलेल्या भागावर उलट ताण येतो.

मी वहीत लिहून विचारले, ‘गुरुवारपुरते एखादे इंजेक्शन?’ त्यांनी मान हलवली. सूज तात्पुरती दाबून त्याच घशाने तासभर बोलले तर पट्टीला इजा व्हायची भीती असते, आणि एका सादरीकरणासाठी ती जोखीम आपण घेऊ देणार नाही, असे ते म्हणाले. मग मी दुसरा प्रश्न लिहिला, आणि निरोपासाठी मला याच प्रश्नाचे उत्तर हवे होते: ‘तासभर, खोलीभर ऐकू जाईल असे, न थांबता कधी बोलू शकेन?’ ‘बरी कधी होईन’ या प्रश्नापेक्षा हा प्रश्न वेगळा आहे. फोनवर दोन वाक्ये बोलण्याइतका आवाज चार-पाच दिवसांत येईल, असे ते म्हणाले. सूज पूर्ण उतरायला आठ ते दहा दिवस लागू शकतात. आणि तीन-चार आठवडे उलटूनही आवाज घोगराच राहिला तर पुन्हा दाखवायचे. मागच्या वेळी माझी चूक झाली ती नेमकी इथे. फोनपुरता परतलेला आवाज मी सादरीकरणापुरता धरून चालले होते.

घरी येऊन मी कॅलेंडर उघडले. चौदा तारखेपासून दहा दिवस म्हणजे २४ जानेवारी, शुक्रवार. दहाव्याच दिवशी सांगली गाठणे म्हणजे पुन्हा काठावर उभे राहणे. पुण्याहून सांगलीला गाडीने जायला साडेचार-पाच तास लागतात, आणि खिडकीतली धूळ किंवा गाडीतला एसी, दोन्ही नुकत्याच सावरलेल्या घशाला चांगले नाहीत. शनिवार-रविवार मध्ये टाकला तर रविवारी दुपारीच सांगलीत पोहोचून रात्री विश्रांती घेता येत होती. म्हणून सोमवार, २७ जानेवारी. पर्यायी दिवस म्हणून मला बुधवार सुचला होता, पण २९ जानेवारीला अमावास्या होती. अण्णांच्या घरी नव्या कामाची बोलणी अमावास्येला करत नाहीत, हे मला पहिल्या भेटीपासून माहीत होते. त्यांना ‘तो दिवस नको’ असे सांगायची वेळ येऊ देण्यापेक्षा मी तो दिवस सुचवलाच नाही आणि पर्याय म्हणून गुरुवार, ३० जानेवारी ठेवला.

आता उलटीकडून हिशेब करायचा होता. अण्णांचा खरा दिवस १६ जानेवारी नव्हता, तो मार्चची सुरुवात होता, कारण उन्हाळ्यातली वर्षभराच्या मसाल्यांची खरेदी तेव्हा सुरू होते आणि नवे पाऊच त्याआधी दुकानांत पोहोचायला हवेत. पाऊचच्या छपाईत प्रत्येक रंगासाठी एक वेगळे सिलिंडर कोरावे लागते. आमच्या प्रिंटरने सिलिंडरसाठी दहा दिवस, आणि छपाई, लॅमिनेशन व पाऊच तयार करणे मिळून बारा दिवस सांगितले होते. म्हणजे ५ फेब्रुवारीला आर्टवर्क त्यांच्या हातात पडले तर २७ फेब्रुवारीच्या सुमारास माल निघतो. मूळ वेळापत्रकात १६ जानेवारी ते ५ फेब्रुवारी असे वीस दिवस होते. २७ तारखेला भेटलो तर नऊच उरतात. त्या वीस दिवसांत डिझाइनची निवड, फेरफार आणि पाऊचच्या मागच्या बाजूचा मजकूर, अशी तीन कामे बसवलेली होती.

यांपैकी तिसऱ्या कामाला आवाज लागत नाही. घटकपदार्थ, निव्वळ वजन, किंमत, बॅच क्रमांकाची जागा, अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक, हिरव्या चौकोनातले हिरवे वर्तुळ, बारकोड, तक्रारीसाठीचा पत्ता. समोरचे डिझाइन कोणतेही निवडले तरी हा मजकूर तोच राहतो. एरवी मी तो निवडीनंतर करते. या वेळी गप्प बसायच्या दिवसांतच उरकायचे ठरवले. त्यामुळे ५ फेब्रुवारीची तारीख जागची हलणार नाही, असे मला खरेपणाने लिहिता येत होते. हे वाक्य लिहिता आले नसते तर २७ तारीख सुचवायचा मला अधिकारच नव्हता. मग गुरुवारी दुसऱ्या कुणीतरी बोलणे, हाच मार्ग उरला असता.

तो मार्गही मी खुला ठेवला. माझा सहकारी नमुने घेऊन जाऊ शकत होता. फाइल नुसती मेलने पाठवणे मात्र मला पटत नव्हते. तीन डिझाइन एकामागून एक स्क्रीनवर पाहिली की घरातली माणसे पहिल्या दहा सेकंदांत रंगावरून मत बनवतात, आणि हळदीच्या पाऊचवर मोठी पारदर्शक खिडकी का ठेवली नाही, उजेडाने हळदीचा रंग उतरतो म्हणून, हे सांगायला तिथे कुणीच नसते. शिवाय आम्ही मसाला भरून केलेले नमुने हातात घेऊन पाहायचे होते. तरीही अण्णांना काही कारणाने गुरुवारच हवा असेल, तर तो त्यांचा हक्क होता. पुढे ढकलण्याची विनंती करताना समोरच्याला ‘नाही’ म्हणायला मोकळी वाट नसेल, तर त्या मजकुराला विनंती म्हणणे खरे नाही. ती फक्त सूचना होते.

मग शब्दांकडे वळले. ‘परवाचे प्रेझेंटेशन’ असे मी सहज लिहून गेले होते आणि तिथेच अडखळले. आपल्या भाषेत परवा मागेही जातो आणि पुढेही. शिवाय निरोप दुसऱ्या दिवशी वाचला तर परवाचा दिवसच बदलतो. ‘पुढच्या सोमवारी’ हेही तसेच. मंगळवारी लिहिलेला ‘पुढचा सोमवार’ माझ्या मनात २७ होता, पण अण्णांनी तो २० धरला असता तर चूक त्यांची नव्हती. म्हणून सगळीकडे वार आणि तारीख दोन्ही लिहिले, आणि ते एकमेकांशी जुळतात का हे कॅलेंडरवर बोट ठेवून तपासले. विषयाच्या ओळीत आधी ‘रद्द’ हा शब्द होता, तो काढला. सूचनेच्या पट्टीत फोनवर पहिले पाच-सहा शब्दच दिसतात, आणि त्यांत ‘रद्द’ दिसले की काम गेले असेच वाटते.

‘अपरिहार्य कारण’ही गेले. कारण सांगायचे नसते तेव्हा आपण हे शब्द वापरतो. ‘तब्येत बरी नाही’ असे लिहिले तर अण्णांच्या घरून काळजीचे फोन आले असते आणि मला ते घेता आले नसते. आवाज बसला आहे, डॉक्टरांना दाखवले आहे, काळजीचे नाही, इतके पुरेसे होते. थंडी, वर्कशॉप आणि चार तासांचे बोलणे यांतून मी स्वतःची बाजू मांडत होते. त्याचा अण्णांना काही उपयोग नव्हता.

राहता राहिली माफी. ‘होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व’ हे वाक्य स्टेशनवरच्या घोषणेत आपण इतके ऐकले आहे की त्यात कुणाची कोणती गैरसोय झाली हे कुणालाच कळत नाही. माझ्यामुळे झालेली गैरसोय मला नेमकी माहीत होती. अण्णांच्या धाकट्या मुलाने, ज्यांना मी दादा म्हणते, गुरुवारच्या भेटीसाठी कोल्हापूरच्या विक्रेत्यांची बैठक पुढे नेली होती. त्यांना आता सगळ्यांना पुन्हा फोन करावे लागणार होते. माफी त्याची मागायची होती.

अकरा वाजता निरोप असा तयार झाला:

‘विषय: पाऊचचे प्रेझेंटेशन सोमवार, २७ जानेवारीला घेण्याबाबत विनंती (आधीची तारीख गुरुवार, १६ जानेवारी)

आदरणीय अण्णा, सप्रेम नमस्कार.

गुरुवार, १६ जानेवारी रोजी सकाळी ११ वाजता ठरलेले प्रेझेंटेशन मला त्या दिवशी करता येणार नाही. माझा आवाज पूर्ण बसला आहे. आज डॉक्टरांना दाखवले. स्वरयंत्राला सूज आहे, काळजीचे कारण नाही, परंतु तासभर बोलता येण्यासाठी आठ ते दहा दिवस लागतील, असे त्यांनी सांगितले आहे.

या भेटीसाठी दादांनी कोल्हापूरच्या विक्रेत्यांची बैठक पुढे नेली होती. माझ्यामुळे त्यांना ती जुळवाजुळव पुन्हा करावी लागेल, त्याबद्दल मी तुम्हा दोघांची मनापासून माफी मागते.

सोमवार, २७ जानेवारी रोजी सकाळी ११ वाजता, तुमच्याच कार्यालयात भेटावे अशी माझी विनंती आहे. तो दिवस सोयीचा नसेल तर गुरुवार, ३० जानेवारी रोजी त्याच वेळी मी येऊ शकेन.

प्रिंटरकडे आर्टवर्क ५ फेब्रुवारीला द्यायचे आहे, त्या तारखेत बदल होणार नाही. पाऊचच्या मागच्या बाजूचा सगळा मजकूर मी या दिवसांतच पूर्ण करून सोमवार, २० जानेवारीपर्यंत तुमच्याकडे तपासायला पाठवते.

प्रेझेंटेशन १६ जानेवारीलाच होणे आवश्यक असेल, तर माझा सहकारी नमुने घेऊन सांगलीला येईल आणि मी व्हिडिओवर हजर राहून प्रश्नांची उत्तरे लिहून देईन. तसे असल्यास उद्या, बुधवार, १५ जानेवारीला दुपारी १२ वाजेपर्यंत कळवावे.

मला सध्या फोनवर बोलता येत नाही. माझा सहकारी आज दुपारी तुम्हाला फोन करेल.’

शेवटची ओळ उगाच नव्हती. संक्रांतीच्या दिवशी प्रत्येकाच्या फोनवर तिळगुळाच्या शुभेच्छांची रीघ लागलेली असते, आणि अण्णा मेसेज पाहतात ते रात्री जेवणानंतर. माझा निरोप पतंगांच्या आणि हलव्याच्या चित्रांखाली गडप झाला असता आणि तो हाती लागेपर्यंत बुधवार उजाडला असता. मेल दादांना आणि तोच मजकूर अण्णांना व्हॉट्सॲपवर पाठवला, आणि सहकाऱ्याला तीनच वाक्ये सांगायला दिली: ताईंचा आवाज बसला आहे, २७ तारीख चालेल का, सविस्तर लिहून पाठवले आहे. कॅलेंडरमधले जुने निमंत्रण मी काढून टाकले नाही, त्यातच तारीख बदलली, म्हणजे दादांच्या फोनवर जुनी आणि नवी अशा दोन नोंदी राहिल्या नाहीत.

दुपारी तीनला दादांचे उत्तर आले. कोल्हापूरची बैठक त्यांनी परत गुरुवारवर घेतली होती, कारण ती मोडून चारच दिवस झाले होते आणि विक्रेत्यांचा गुरुवार अजून मोकळा होता. निरोप बुधवारी रात्री गेला असता तर हे जमले नसते. रात्री अण्णांचा मेसेज आला: ‘तिळगूळ घ्या, गोड बोला हे या वर्षी २७ ला. २९ ला अमावास्या आहे, त्याच्या आधी होते आहे ते बरे. घसा सांभाळा.’

अठरा तारखेला आवाज घोगरा का होईना, उमटला. मी तो वापरला नाही. मागचा मजकूर १९ तारखेला रात्री पूर्ण करून २० ला सकाळी पाठवला. शनिवारी, २५ तारखेला, दार लावून सगळे प्रेझेंटेशन एकदा मोठ्याने वाचले, वीस मिनिटे लागली. अर्धा तास थांबून पुन्हा वाचले. दुसऱ्या वाचनाच्या अखेरीस आवाज सुरुवातीला होता तसाच राहिला, घशात टोचले नाही, खाकरावेसे वाटले नाही, तेव्हाच रविवारच्या गाडीचे नक्की केले. तो चिरकला असता तर ३० तारीख हाताशी होती, पण तसे असते तर तेही मला शनिवारीच, दादांचा सोमवार मोडण्याआधी, कळवायचे होते.

सोमवारी अकराला त्यांच्या कार्यालयात बसलो तेव्हा टेबलावर माझ्यासाठी कोमट पाण्याचा तांब्या आणि भांडे आणून ठेवले होते. मी नमुने बाहेर काढू लागले, तर अण्णांनी हाताने थांबा अशी खूण केली आणि आपल्या फाइलमधून मागच्या मजकुराची छापील प्रत काढली. त्यावर लाल पेनाने तीन खुणा होत्या. निव्वळ वजनाचा आकडा मोठा हवा, तक्रारीचा फोन नंबर जुना आहे तो बदलावा, आणि धणेपूड हा शब्द एके ठिकाणी धनेपूड असा पडला आहे.

‘आधी हे घ्या लिहून,’ ते म्हणाले, ‘मग बोला.’